दोन शाखांत एकाच चवीची कॅपुचिनो

कॅफेची दुसरी शाखा उघडली की तक्रारी बहुधा कॉफीपासूनच सुरू होतात. सकाळची कॅपुचिनो छान आणि संध्याकाळची आंबट, किंवा कोथरूडला दाट आणि बाणेरला पाणचट. यावर उपाय म्हणून लेखी कार्यपद्धती, म्हणजे एसओपी, तयार केली जाते. पहिल्या शाखेतल्या अनुभवी बरिस्ताला विचारून त्याचे सगळे आकडे कागदावर उतरवले जातात आणि तिथेच पहिली चूक होते. त्या आकड्यांत ग्राइंडरचाही आकडा असतो.

ग्राइंडरच्या डायलवरचा आकडा हे माप नाही. एकाच कंपनीच्या दोन ग्राइंडरांवर ‘६’ म्हणजे सारखीच बारीक पूड येईल असे नसते. पाती झिजतात, बिया जुन्या होतात, पावसाळ्यात हवा दमट होते आणि गर्दीच्या वेळी ग्राइंडर तापतो; या प्रत्येक गोष्टीने पुडीतून पाणी उतरण्याचा वेग बदलतो. म्हणून चांगल्या एसओपीत ग्राइंडरचा आकडा नसतो, निकालाचा असतो. उदाहरणार्थ: दुहेरी शॉटसाठी १८ ग्रॅम पूड, कपात ३६ ग्रॅम कॉफी, वेळ २५ ते ३० सेकंद. पूड आणि कॉफी दोन्ही वजनकाट्यावर मोजायची. फेसामुळे नजरेचा अंदाज फसतो, म्हणून मिलिलिटरच्या खुणेवर विसंबायचे नाही. पुडीचा जाडेपणा मात्र बरिस्ताने बदलायचा, तोही ठरलेल्या रीतीने.

ही रीत लिहिणे हाच एसओपीचा खरा कस. समजा, दुपारी तीनला बाणेरच्या शाखेत शिफ्ट बदलली आणि पहिल्याच शॉटची ३६ ग्रॅम कॉफी १९ सेकंदांत उतरली. चव आंबट, पातळ. अशा वेळी आधी पुडीचे वजन पाहायचे, कारण गडबड तिथेच असू शकते. ते १८ ग्रॅम भरले तर पूड एक खूण बारीक करायची. बदलानंतरचा पहिला शॉट मात्र ओतून द्यायचा, कारण ग्राइंडरच्या नळीत आधीची पूड उरलेली असते; हे वाक्य लिहिले नाही तर नवखा माणूस त्या शॉटवरून चुकीचा निष्कर्ष काढून आणखी खुणा फिरवत बसतो. पुढचा शॉट २३ सेकंदांत आला, तर आणखी एक खूण, पुन्हा एक शॉट वाया, आणि मग २७ सेकंद. चव घ्यायची, वहीत वेळ आणि नवी खूण लिहायची. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. वजन आणि जाडेपणा एकदम हलवले तर कशाने काय झाले ते कळत नाही. ३५ सेकंदांच्या वर गेलेला कडवट शॉट आला तर हीच वाट उलट दिशेने.

हे वाया जाणारे शॉटही एसओपीत मंजूर करून ठेवावे लागतात. नाहीतर मालकाच्या भीतीने तो पहिला शॉट गिऱ्हाइकाला दिला जातो.

दुधाचे काम त्या मानाने सोपे. कोणते दूध हे मात्र नेमके लिहिलेले हवे: फुल क्रीम दुधात किमान ६ टक्के स्निग्धांश असतो, टोन्डमध्ये ३ टक्के. एका शाखेने पुरवठा तुटला म्हणून टोन्ड वापरले की फरक गिऱ्हाइकाला लगेच जाणवतो. दूध फ्रिजमधून थंडच घ्यायचे, सुरुवातीलाच हवा मिसळायची, भांडे कोमट लागले की हवा थांबवून नुसते फिरवायचे आणि ६० ते ६५ अंश सेल्सिअसला वाफ बंद करायची. ७० च्या पुढे गोडवा मावळतो आणि उकळल्याचा वास येतो. एकदा तापवलेले दूध पुन्हा तापवायचे नाही. वाफेची नळी लगेच पुसून क्षणभर वाफ सोडायची.

कोणी काय बदलू शकतो, हेही लिहावे लागते. पुडीचा जाडेपणा बरिस्ता बदलेल. १८, ३६ हे आकडे आणि बियांचा पुरवठादार फक्त मुख्य प्रशिक्षक. चार खुणा फिरवूनही वेळ जमली नाही तर यंत्र किंवा बिया बिघडल्या असे मानून व्यवस्थापकाला कळवायचे.

मजकूर झाला की तो नव्या माणसाच्या हाती द्यावा आणि लिहिणाऱ्याने शेजारी गप्प उभे राहावे. जिथे तो थबकतो, तिथे वाक्य अपुरे आहे. ‘नीट टॅम्प करा’ यावर तो हमखास थबकेल. ‘पूड सपाट करा, मग दट्ट्या आडवा न कलता घट्ट दाबा’ असे लिहिले आणि शेजारी फोटो लावला की प्रश्न संपतो. भाषा काउंटरमागे बोलली जाते तीच हवी, मग ती मराठी असो वा हिंदी.

शाखांमधली तुलना नोंदवहीवरून होते. दोन्ही वह्यांत शॉटची वेळ २५ ते ३० मध्येच आहे, पण चव वेगळी आहे, असे दिसले तर ग्राइंडरकडे बोट दाखवण्यात अर्थ नाही. मग दोन शाखांचे पाणी आणि बिया भाजल्याची तारीख पडताळायची. आणि दर शिफ्टला रोज नेमकी ‘२७ सेकंद’ अशी नोंद दिसू लागली, तर समजावे की शॉट मोजणे थांबले आहे आणि वही तेवढी भरली जाते आहे.