चष्म्याची कांच आणि सदऱ्याचें टोंक

चष्मा धुरकट दिसूं लागला, कीं हात सहजच सदऱ्याच्या टोंकाकडे किंवा पदराकडे वळतो. सुती कापड तर मऊ. मग त्यानें ओरखडे कसे पडावेत, अशी शंका येणें रास्त आहे. परंतु अपराध कापसाचा नसून त्याच्या आणि कांचेच्या मध्यें सांपडलेल्या धुळीचा असतो.

आजची चष्म्याची ‘कांच’ बहुधा प्लॅस्टिकची असते. तिच्यावर प्रथम कांहीं मायक्रॉन जाडीचा कठीण लेप देतात व त्यावर प्रकाशाचें परावर्तन रोखणारे सूक्ष्म थर बसवितात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आणि या वरच्या थरांची एकंदर जाडी साधारणतः अर्ध्या मायक्रॉनहूनही कमी भरते. उलट रस्त्याच्या धुळींत गारगोटीचे कण असतात. गारगोटी अस्सल कांचेलाही ओरखडते. तेथें प्लॅस्टिकचा काय पाड?

समजा, एक गृहस्थ दुपारीं दुचाकीवरून घरीं आले आणि त्यांच्या भिंगावर 20 मायक्रॉनचा एक कण बसला आहे. कोरड्या सदऱ्यानें पुसतांच, वरच्या थरांच्या निदान चाळीसपट मोठा असलेला हा कण बोटाच्या दाबाखालीं भिंगावरून फरफटत जातो. तोंडाची वाफ सोडूनही भागत नाहीं, कारण कण वाहून जाईल इतकें पाणी तिच्यांत नसतें. टिशू कागदाचे तंतू लाकडाचे व ताठर. तेही धूळ पोटांत न घेतां पुढें ढकलतात.

म्हणून त्यांनीं आधीं भिंग नळाखालीं धरावें. पाणी कोमट चालेल, कढत नको. उष्णतेनें प्लॅस्टिक लेपापेक्षां अधिक प्रसरण पावतें आणि लेपाला जाळीसारख्या भेगा पडतात. मग भांडी घासण्याच्या सौम्य द्रवसाबणाचा एक थेंब बोटांनीं चोळून तेलकटपणा काढावा, भिंग पुन्हां धुवावें व पाणी झटकून मायक्रोफायबरच्या स्वच्छ कापडानें टिपावें.

भिंगाच्या फवाऱ्यांत मुख्यतः पाणी, मेद सोडविणारें द्रव्य व बहुधा थोडा अल्कोहोल असतो. बोटांचे डाग काढण्यास तो उत्तम. दाट धुळीवर मात्र तो धुण्याची जागा घेऊं शकत नाहीं. खिडकीच्या कांचांसाठीं असलेला अमोनियायुक्त द्रव चष्म्याला वापरूं नये.

मायक्रोफायबरचा धागा पॉलिएस्टर व नायलॉनचा, इतका बारीक कीं त्याची 9,000 मीटर लांबी एक ग्रॅमही भरत नाहीं. अशा तंतूंमधल्या फटी तेल व बारीक धूळ शोषून धरतात. पण फटी भरल्या कीं हेंच कापड सदऱ्याइतकें घातक होतें. तें साबणानें वेगळें धुवून वाऱ्यावर वाळवावें. कपडे मऊ करणारें द्रव्य फटी बुजवितें, म्हणून तें टाळावें.

डाग कीं ओरखडा, हें ओळखणें सोपें आहे. धुतलेलें भिंग दिव्याखालीं तिरपें धरावें. रेघ तशीच राहिली, तर तो ओरखडा होय. मग तो घासून घालविण्याच्या भरीस पडूं नये; त्यानें उरलेला लेपही जातो. ओरखडा दृष्टीच्या आड येत असेल, तर भिंग बदलणें हाच उपाय उरतो.