नव्या नोकरीची बातमी, जुन्या नोकरीचा मान

नोकरी बदलली की बातमी पहिल्यांदा जाते ती व्हॉट्सॲपवर. नव्या कंपनीचं ओळखपत्र गळ्यात पडलेलं असतं, आनंद मावत नसतो आणि चहाच्या सुट्टीत दोन मिनिटांत संदेश लिहून होतो. मित्रांच्या ग्रुपवर तो शोभतोही. पण तोच मजकूर उचलून जुने सहकारी, ग्राहक, पुरवठादार, आधीचे साहेब अशा सगळ्यांना पाठवला की घोटाळा होतो. कारण आपण बातमी आपल्याबद्दलची देतो आणि वाचणारे मात्र तिच्यात जुन्या कंपनीबद्दल काय म्हटलंय ते आधी वाचतात.

एक उदाहरण घेऊ. समजा, चाकणच्या एका कारखान्यात खरेदी विभागात सहा वर्षं काम केलेला एक इंजिनियर तळेगावच्या दुसऱ्या कंपनीत वरच्या पदावर गेला. त्याचा पहिला संदेश असा:

"मित्रांनो, गुड न्यूज! फायनली सुटलो. सहा वर्षं नुसती हमाली केली. आता एका चांगल्या कंपनीत सीनियर मॅनेजर म्हणून जॉइन झालोय. इथे कामाची कदर आहे, वातावरण एकदम प्रोफेशनल. काही काम असेल तर आता इकडेच बोलू!"

'सुटलो' आणि 'हमाली' हे शब्द उघडच खटकतात, ते काढायला कुणी सांगावं लागत नाही. चुकतं ते त्यानंतर. हे दोन शब्द खोडले की संदेश सभ्य झाला असं वाटतं आणि खरा टोमणा जागच्या जागी राहतो. "इथे कामाची कदर आहे" हे वाक्य नव्या कंपनीचं कौतुक म्हणून लिहिलेलं आहे. जुन्या कंपनीतला माणूस ते "तिथे नव्हती" असंच वाचणार. 'चांगल्या कंपनीत', 'प्रोफेशनल वातावरण', 'आता खऱ्या अर्थाने शिकायला मिळेल', 'अखेर मनासारखं काम' या सगळ्यांची हीच गत. यातल्या एकाही शब्दात निंदा नाही, ती तुलनेतून होते. म्हणून मसुदा तपासताना वाईट शब्द शोधत बसू नये. प्रत्येक वाक्याला "हे कुणापेक्षा?" असा प्रश्न विचारावा. उत्तरात जुनी कंपनी आली, तर ते वाक्य जायला हवं.

हा टोमणा कंपनीच्या मालकाला फारसा लागत नाही, त्याच्यापर्यंत तो बहुधा पोचतही नाही. लागतो तो मागे राहिलेल्यांना. शेजारच्या टेबलावर बसणारी सहकारी, स्टोअरमधले दादा, ज्यांना याच पगारात याच ठिकाणी अजून दहा वर्षं काढायची आहेत, त्यांना "सुटलो" वाचून आपण अडकलोय असं वाटतं. मला या सगळ्या प्रकारात सर्वांत जास्त खुपतं ते हेच. आपल्या चांगल्या दिवसाची बातमी त्यांच्या जगण्याला कमी लेखून का द्यावी?

पुरवठादाराची अडचण वेगळी. भोसरीत प्रेसचा छोटा कारखाना चालवणाऱ्या माणसाला जुन्या कंपनीलाही माल द्यायचा आहे आणि उद्या नव्या कंपनीचं काम मिळालं तर तेही हवं आहे. त्याच्या फोनवर असा संदेश आला की तो काय उत्तर देणार? 'अभिनंदन' म्हणावं तर टोमण्याला मान डोलावल्यासारखं होतं. शिवाय "आता इकडेच बोलू" हे वाक्य जुन्या कंपनीचा धंदा वळवण्याचं आमंत्रण म्हणूनही वाचता येतं. नेमणूक-करारात ग्राहक-पुरवठादार न फोडण्याची किंवा माहिती गुप्त ठेवण्याची अट अनेकदा असते. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ मुळे नोकरी सोडल्यावर प्रतिस्पर्ध्याकडे कामच करायचं नाही, असं बंधन सहसा टिकत नाही. पण कंपनीचे दर, रेखाचित्रं, याद्या बाहेर न्यायची मुभा त्यातून मिळत नाही. म्हणून हे वाक्य सौम्य करून ठेवण्यापेक्षा पूर्ण काढलेलंच बरं. पुरवठादारांची यादीही ऑफिसच्या मेलमधून उतरवून घेऊ नये. आपल्या फोनमध्ये ओळखीने जमलेली माणसं आपली, कंपनीच्या प्रणालीतली यादी कंपनीची.

एवढं खोडल्यावर संदेशात "सीनियर मॅनेजर म्हणून जॉइन झालोय" इतकंच उरतं. इथे दुसरा मोह होतो, उरलेली जागा गोडव्याने भरण्याचा. "जुन्या कंपनीने मला घडवलं, हे माझं दुसरं कुटुंब होतं" असं लिहायचं. ज्या सहकाऱ्याने त्याला दोन वर्षं कँटीनमध्ये साहेबांच्या नावाने बोटं मोडताना ऐकलंय, त्याला यातला खोटेपणा लगेच कळतो. मान देण्यासाठी खोटं बोलायची गरज नसते, एक खरी, नेमकी गोष्ट पुरते. सहा वर्षांत असं काहीतरी घडलेलं असतंच. याच्या बाबतीत ते असं धरू: २०२० मध्ये लॉकडाऊननंतर कारखाना पुन्हा सुरू झाला तेव्हा माणसं कमी होती, माल वेळेवर येत नव्हता आणि खरेदी, स्टोअर, उत्पादन या तिन्ही विभागांनी रोज सकाळी एकत्र बसून वेळापत्रक सांभाळलं. ते त्याने लिहावं. वाचणाऱ्याला स्वतःचे ते दिवस आठवतात, आणि आभार कुणाचे मानलेत हे वेगळं सांगावं लागत नाही.

मग तयार होणारा मजकूर असा:

"नमस्कार. १ जूनपासून मी तळेगाव येथील कंपनीत वरिष्ठ खरेदी व्यवस्थापक म्हणून रुजू झालो आहे. चाकणला सहा वर्षं काम करताना खरेदीचं काम मुळापासून शिकता आलं. लॉकडाऊननंतर कारखाना पुन्हा सुरू करताना खरेदी, स्टोअर आणि उत्पादन विभागाने एकमेकांना जी साथ दिली ती कायम लक्षात राहील. त्या काळात आणि नंतरही आपण केलेल्या सहकार्याबद्दल मनापासून आभार. माझा वैयक्तिक नंबर हाच आहे. आपल्या संपर्कात राहायला आवडेल."

प्रत्यक्षात अर्थातच दोन्ही कंपन्यांची नावं येतील, आणि ती पूर्ण व नीट यावीत. जुनीचा उल्लेख 'आधीची कंपनी' असा करून नव्या कंपनीचं मात्र ठसठशीत नाव लिहिलं, तर तीही एक प्रकारची नापसंतीच वाटते. यात पगार नाही, सोडण्याचं कारण नाही, नव्या जागेला एकही विशेषण नाही. 'वरिष्ठ' हा पदनामाचा भाग आहे आणि बढती त्यातूनच कळते.

अनुभव खरोखरच वाईट असेल तर? साहेब अपमान करत, सुट्टी देत नसत, हिशेबाचे पैसे अडकलेत. तेव्हा कंपनीचे आभार मानायला मन धजत नाही, आणि मानूही नयेत. मजकुरातून संस्था बाजूला ठेवावी आणि माणसांचे आभार मानावेत: "स्टोअर आणि गुणवत्ता विभागातल्या सहकाऱ्यांकडून खूप शिकलो." किती वर्षं आणि कोणतं काम केलं, एवढंच सांगितलं तरी चालतं. अडकलेल्या पैशांसाठी एचआरला तारखेनिशी लेखी मेल करावा, गरज पडली तर कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जावं. तक्रार तिथे पूर्ण ताकदीने करता येते. ओळखीच्या दोनशे माणसांना पाठवलेल्या संदेशातून त्यातला एक रुपयाही मिळत नाही, उलट तो संदेश समोरच्याच्या हाती पुरावा म्हणून जातो.

पाठवायची वेळही पाहावी. अनेकजण राजीनामा मंजूर झाला की लगेच कळवतात, आणि नोटीस पिरियडचे उरलेले आठवडे अवघड होतात. निरोपाचा मेल वेगळा, तो शेवटच्या दिवशी ऑफिसच्या मेलवरून सहकाऱ्यांना जातो, आणि त्यात कुठे चाललो ते सांगायलाच हवं असं नाही. नव्या नोकरीचा संदेश रुजू झाल्यावर, रिलिव्हिंग लेटर हातात आल्यावर, वैयक्तिक मेल किंवा फोनवरून जावा. नव्या कंपनीकडून होणारी पार्श्वभूमीची पडताळणी बरेचदा रुजू झाल्यानंतरही चालू असते, आणि फोन जुन्याच साहेबांना जातो. लिंक्डइनवर नवं पद भरतानाही ते आपोआप सगळ्यांना कळवण्याचा पर्याय आधी पाहून घ्यावा. नाहीतर बातमी आपल्या मजकुराआधी, आपल्याला नको त्या दिवशी फुटते.

एकच मजकूर सगळ्यांना धाडण्याआधी चार-पाच माणसं वेगळी काढावीत. आधीच्या साहेबांना फोन करावा, तो जमला नाही तर स्वतंत्र चार ओळी लिहाव्यात: "सर, १ तारखेला रुजू झालो. वाटाघाटीला बसण्याआधी सगळे आकडे कागदावर मांडायची सवय तुमच्यामुळे लागली, ती इथे रोज उपयोगी पडते आहे." भोसरीच्या त्या कारखानदाराला लिहावं, "दादा, डाय तुटली तेव्हा तुम्ही रात्रपाळी लावून माल दिलात, ते विसरलेलो नाही." बाकीच्यांना मेल करताना पत्ते बीसीसीत टाकावेत, म्हणजे एकाचा पत्ता दुसऱ्याला दिसत नाही आणि कुणी 'रिप्लाय ऑल' करून सगळ्यांसमोर जुने वाद उकरत नाही. व्हॉट्सॲपवर ग्रुप न करता ब्रॉडकास्ट लिस्ट वापरावी. मात्र ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच ती पोचते, बाकीच्यांना एकेकाला पाठवावं लागतं.

खरी परीक्षा उत्तरांमध्ये होते. "बरं झालं सुटलास, तिथे काही राम नव्हता" असं कुणीतरी लिहितंच, आणि दिवसभर जपलेला तोल त्या एका ओळीला हसरी इमोजी टाकून जातो. त्या इमोजीचाही स्क्रीनशॉट निघतो. "धन्यवाद! तळेगावला आलात की नक्की भेटू," एवढं उत्तर पुरे. कुणी थेट "का सोडलंस?" विचारलं, तर खऱ्या कारणांपैकी पुढच्या कामाशी जोडलेलं कारण सांगावं: "इथे आयातीचंही काम बघायला मिळतंय, ते करायचं होतं." आणि एखाद्या पुरवठादाराने मार्च महिन्याचं बिल अजून अडकलंय म्हणून विचारलं, तर "तिथलं असंच चालतं" असं न म्हणता आपल्या जागी आलेल्या माणसाचं नाव आणि त्याचा ऑफिसचा नंबर द्यावा. तो नंबर देऊ का, हे शेवटच्या दिवशीच त्याला विचारून ठेवलेलं असावं.