९९ टक्के, पण कशावर?

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टांमध्ये पानाच्या फोटोवरून रोग ओळखण्याचा विषय हमखास सापडतो. रिपोर्ट उघडला की सुरुवातीलाच अ‍ॅबस्ट्रॅक्ट, आणि त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं: भारत हा कृषिप्रधान देश आहे. पुढे तंत्रज्ञान किती झपाट्याने बदलतंय, डीप लर्निंगने कुठेकुठे क्रांती केली, आणि परिच्छेद संपता संपता ‘आमच्या मॉडेलची अचूकता ९९ टक्के आहे’. यातला निम्मा मजकूर उचलून शेजारच्या ग्रुपच्या रिपोर्टात टाकला तरी कुणाच्या लक्षात येणार नाही. आणि ज्या एका आकड्यासाठी परीक्षक हे पान वाचतो, तो कशावर मोजला याचा पत्ता नाही.

मशीन लर्निंगच्या अ‍ॅबस्ट्रॅक्टमध्ये खरी गोम इथेच असते. आकडा एकटा उभा राहिला की फसवतो. कुठल्या फोटोंवर मोजला आणि कशाच्या तुलनेत बरा, हे त्याच्या शेजारीच लिहावं लागतं.

याच विषयावरचा एक गाजलेला शोधनिबंध घ्या. मोहंती, ह्यूज आणि सलाथे यांनी २०१६ साली ‘प्लांटव्हिलेज’ नावाच्या खुल्या संचातल्या ५४,३०६ फोटोंवर मॉडेल शिकवलं. १४ पिकं, २६ रोग. बाजूला काढून ठेवलेल्या फोटोंवर अचूकता आली ९९.३५ टक्के. अर्काइव्हवर आधी टाकलेल्या मसुद्याच्या अ‍ॅबस्ट्रॅक्टमध्ये याच्या पुढे आणखी एक आकडा होता: वेगळ्या परिस्थितीत काढलेले, इंटरनेटवरून गोळा केलेले फोटो दाखवले तर अचूकता ३१.४ टक्के. नुसत्या अंदाजाने उत्तर दिलं तर २.६ टक्के मिळाले असते, हेही तिथेच दिलं होतं. पुढे नियतकालिकात निबंध छापून आला तेव्हा ३१ टक्क्यांची गोष्ट आतल्या मजकुरात राहिली, अ‍ॅबस्ट्रॅक्टमध्ये मात्र ९९.३५ एवढंच उरलं. बहुतेक वाचक अ‍ॅबस्ट्रॅक्टच्या पुढे जात नाहीत. त्यांच्यापुरता प्रश्न सुटल्यातच जमा झाला. माझ्या मते मसुद्यातला अ‍ॅबस्ट्रॅक्ट जास्त चांगला होता.

दोन आकड्यांत एवढं अंतर का, तर संचातले फोटो एकेक पान तोडून, साध्या पार्श्वभूमीवर ठेवून काढलेले आहेत. शेतात पान असं भेटत नाही. मागे माती, दुसरी पानं, सावली, कधी हाताची बोटं. २०२२ साली नोयान यांनी याची गंमतशीर चाचणी घेतली. पान बाजूलाच ठेवून फक्त पार्श्वभूमीतले ८ पिक्सेल मॉडेलला दिले, तरी ४९ टक्के उत्तरं बरोबर आली. म्हणजे मॉडेल रोग शिकतंय की फोटो काढण्याची पद्धत, ही शंका रास्त आहे, आणि या संचावर काम करणाऱ्याने अ‍ॅबस्ट्रॅक्टमध्येच तिला उत्तर द्यायला हवं.

ते कसं, हे एका नमुन्यावर पाहू. खालचा प्रोजेक्ट आणि त्यातले निकाल समजावण्यापुरते रचलेले आहेत.

‘टोमॅटोच्या पानांवरचे रोग ओळखणारी मॉडेल्स साध्या पार्श्वभूमीच्या फोटोंवर चांगली चालतात, पण शेतातल्या फोटोंवर ती किती टिकतात हे अनेकदा तपासलं जात नाही. आम्ही प्लांटव्हिलेजमधल्या टोमॅटोच्या फोटोंवर रेसनेट-५० हे पूर्वशिक्षित मॉडेल पुन्हा शिकवलं आणि ते दोन संचांवर तपासलं: त्यातूनच बाजूला ठेवलेले फोटो, आणि नारायणगाव परिसरातल्या शेतांत मोबाइलवर काढलेले ३०० फोटो. पहिल्या संचावर अचूकता ९८.६ टक्के, शेतातल्या फोटोंवर ५४ टक्के आली. शेतातल्या प्रत्येक फोटोला डोळे मिटून ‘लवकर येणारा करपा’ म्हटलं, तरी ४१ टक्के उत्तरं बरोबर येतात. शिकवताना फोटोंची पार्श्वभूमी बदलत राहिल्यावर शेतातली अचूकता ६७.३ टक्क्यांपर्यंत वाढली. शेतातले फोटो एकाच हंगामातले असल्याने इतर हंगामांना हा निष्कर्ष लागू होईलच असं नाही.’

सहा वाक्यं, एक परिच्छेद. कृषिप्रधान देश कुठेच नाही, तरी काम कशाबद्दल आहे हे पहिल्याच वाक्यात कळतं. यातलं सर्वांत मोलाचं वाक्य ४१ टक्क्यांचं. ते नसेल तर ५४ म्हणजे निम्म्याहून बरं असं वाटून वाचक पुढे जातो. ते वाचल्यावर कळतं की मॉडेलची खरी कमाई १३ अंकांची आहे. विद्यार्थी नेमकं हेच वाक्य गाळतात, कारण त्याने आपला निकाल छोटा दिसतो. परीक्षकाला मात्र इथेच कळतं की या मुलांना आपला डेटा माहीत आहे.

दशांश चिन्हापुढचे आकडेही बोलतात. ३०० फोटोंमध्ये एक फोटो इकडचा तिकडे झाला की अचूकता एक तृतीयांश टक्क्याने हलते. तिथे ६७.३४ लिहिणं म्हणजे नसलेली बारकाई दाखवणं. आणि ५४ वरून ६७.३ ही वाढ १३.३ टक्क्यांची नव्हे, १३.३ टक्केबिंदूंची. टक्क्यांत सांगायची तर ती जवळपास २५ टक्के भरते. दोन्हींची गल्लत तोंडी परीक्षेत हमखास पकडली जाते.

आणखी एक गळती अ‍ॅबस्ट्रॅक्टमध्ये दिसत नाही, पण आकडा फुगवून जाते. प्लांटव्हिलेजमध्ये एकाच पानाचे वेगवेगळ्या कोनांतून काढलेले फोटो आहेत. सगळे पिसून सरसकट वाटणी केली तर एकाच पानाचा एक फोटो शिकवण्यात आणि दुसरा परीक्षेत जातो. पेपर फुटल्यासारखंच ते. मोहंती आणि सहकाऱ्यांनी एका पानाचे फोटो एकाच बाजूला राहतील अशी काळजी घेतली होती. तुम्हीही घेतली असेल तर ‘पाननिहाय वाटणी केली’ हे तीन शब्द अ‍ॅबस्ट्रॅक्टमध्ये जरूर टाका, कारण जाणकार वाचक तेच शोधत असतो.

लिहिण्याचा क्रम वाचण्याच्या क्रमापेक्षा वेगळा ठेवलेला बरा. आधी निकालाचं वाक्य लिहा, तेही रिपोर्टमधल्या अंतिम तक्त्यात बघून. मग तो निकाल समजायला जेवढं लागतं तेवढंच त्याच्या आधी येऊ द्या: कुठला डेटा, कुठलं मॉडेल, कशाशी तुलना. मर्यादेचं वाक्य शेवटी, आणि पहिलं वाक्य सगळ्यांत शेवटी लिहायचं. अ‍ॅबस्ट्रॅक्ट आधी लिहून मॉडेल पुन्हा चालवलं की तक्त्यात ६७.३ आणि पहिल्या पानावर ६९.१ अशी तऱ्हा होते. लांबीचं म्हणाल तर दीडशे-दोनशे शब्द पुरतात. न्यूरिप्स या मोठ्या परिषदेच्या नमुन्यात अ‍ॅबस्ट्रॅक्ट एकाच परिच्छेदात असावा असा नियम आहे, आणि अर्काइव्ह १,९२० अक्षरांपलीकडे घेत नाही. संदर्भांचे क्रमांक आणि ‘आकृती ४ पहा’ यांना इथे जागा नाही, कारण हा परिच्छेद बऱ्याचदा रिपोर्टपासून सुटा वाचला जातो.

आणि दावा डेटाएवढाच करा. नाशिककडचे विद्यार्थी प्लांटव्हिलेजवर द्राक्षाचा प्रोजेक्ट करतात आणि अ‍ॅबस्ट्रॅक्टमध्ये ‘द्राक्षावरील रोग ओळखणारी प्रणाली’ असं लिहून मोकळे होतात. त्या संचात द्राक्षाचे तीनच रोग आहेत, आणि बागायतदाराची झोप उडवणारे केवडा आणि भुरी त्यात नाहीत. तेव्हा ‘द्राक्षावरील रोग’ असं मोघम न लिहिता त्या तीन रोगांची नावं लिहा.