टाचेवरची चार अक्षरं

नाइकीच्या ‘डंक लो’ या बुटाची पांढरी-काळी आवृत्ती 2021 मध्ये आली. सगळे तिला ‘पांडा’ म्हणतात. डंक मूळचा 1985 सालचा, अमेरिकेतल्या कॉलेजांच्या बास्केटबॉल संघांसाठी काढलेला. पांडा इतका खपला की त्याच्या नकलांचाही पूर आला. इन्स्टाग्रामवर ‘फर्स्ट कॉपी’ असं सांगून विकणाऱ्याकडून निदान आपण काय घेतोय ते कळतं. अडचण होते ती तोच माल ‘ओरिजिनल, बिल हरवलंय’ म्हणून विकणाऱ्यामुळे.

ओळखीतल्या एका मुलीला हाच जोड जुन्या बाजारातून घ्यायचा होता. तिने तीन विक्रेत्यांचे फोटो पाठवले आणि विचारलं, ‘यातला खरा कुठला?’ फोटोंवरून ‘हा खरा’ असं ठरत नाही, ‘हा नकोच’ एवढं मात्र बऱ्याचदा ठरतं. त्यासाठी विक्रेत्यांचे फोटो एकमेकांशी ताडून भागत नाही, कारण तिन्ही नकली असू शकतात. चौथा, भरवशाचा जोड लागतो. तिच्या मैत्रिणीच्या भावाने कंपनीच्या दुकानातून बिलासकट घेतलेला पांडा होता. त्याचे फोटो आम्ही कसोटीसाठी धरले.

सगळ्यात आधी बुटाच्या आतल्या लेबलावरचा कोड पाहायचा. पुरुषांच्या पांडाचा कोड DD1391-100, बायकांच्या जोडाचा DD1503-101 आणि मोठ्या मुलांच्या जोडाचा CW1590-100. लांबून तिन्ही सारखेच दिसतात, पण ती वेगवेगळी उत्पादनं आहेत. बायकांचा जोड पुरुषांच्या जोडाशी ताडला तर खऱ्या बुटातही फरक दिसतील आणि बिचारा विक्रेता उगाच खोटा ठरेल. साइजही शक्यतो तीच हवी. साइज वाढली की कातड्याचे तुकडे मोठे होतात आणि टाक्यांची संख्या बदलते. लेबलावर कोड बरोबर आहे म्हणून जोड खरा, असं मात्र नाही. लेबल छापणं नकलेतलं सगळ्यात सोपं काम आहे. कोडचा उपयोग काय कशाशी ताडायचं हे ठरवण्यापुरता.

पुढची पायरी महत्त्वाची आहे, आणि बहुतेक लोक नेमके तिथे चुकतात. खऱ्या बुटातही चुका असतात. पांडा प्रचंड संख्येने बनला, त्यामुळे सोलच्या कडेला गोंदाचा डाग, बाहेर आलेला दोरा किंवा जरा वाकडी गेलेली शिवण कंपनीच्या दुकानातल्या जोडांतही सापडते. म्हणून फरक दिसला की तो कुठून आला असेल, हे आधी स्वतःला विचारायचं. कातड्याचे तुकडे शिवताना मशीनवर माणूस बसलेला असतो, त्याचा हात हलतो. हाताची चूक सहसा एका पायात दिसते, दुसऱ्यात नाही. टाचेवरचं भरतकाम मात्र ठरलेल्या प्रोग्रॅमवर मशीन करतं आणि सोल साच्यातून निघतो. तिथली चूक डाव्या-उजव्या दोन्ही पायांत सारखी उमटते. म्हणून एका बाजूच्या वाकड्या शिवणीपेक्षा दोन्ही टाचांवर तीच बिघडलेली अक्षरं जास्त बोलकी.

पहिल्या विक्रेत्याच्या फोटोत ‘स्वूश’च्या, म्हणजे बाजूच्या काळ्या खुणेच्या, कडेचे टाके एका ठिकाणी दाट झाले होते. फक्त डाव्या बुटात. मुलीने लगेच नाक मुरडलं. पण उजव्या बुटात तेवढ्याच अंतरातले टाके मोजले तर ते कसोटीच्या जोडाशी जुळत होते. नुसत्या त्या शिवणीवरून जोड नाकारण्यात अर्थ नव्हता.

दुसऱ्या विक्रेत्याचे फोटो सगळ्यात सुंदर होते आणि घोटाळा तिथेच निघाला. पांडाच्या टाचेवर ‘नाइकी’ ही चार रोमन अक्षरं भरलेली असतात. फोटोत ती मोजताना मिलिमीटर उपयोगाचे नाहीत, कारण प्रत्येकाने वेगळ्या अंतरावरून फोटो काढलेला असतो. प्रमाण मोजायचं. दुसऱ्या अक्षराची, ‘आय’ची, जाडी किती आणि त्याच्या शेजारची फट किती? समजा कसोटीच्या फोटोत स्क्रीनवर जाडी 8 मिलिमीटर आणि फट 4 आली, तर फट जाडीच्या निम्मी. विक्रेत्याचा फोटो मोठा असेल, तिथे जाडी 12 आणि फट 3 आली, तर ती पावच उरली. (आकडे फक्त रीत कळावी म्हणून.) दुसऱ्या विक्रेत्याच्या जोडात हेच झालं होतं. दोऱ्याचा थर जाड, अक्षरं फुगलेली आणि मधल्या फटी जवळजवळ बुजलेल्या. दोन्ही टाचांवर अगदी सारखं. टाचेचा फोटो समोरून, सरळ काढलेला होता, म्हणून हे माप धरता आलं. तिरक्या फोटोत लांबच्या बाजूचं अक्षर बारीक दिसतं आणि माप फसतं.

सोलनेही तेच सांगितलं. डंकच्या तळाला पंजाखाली वर्तुळात वर्तुळं असतात, खेळाडूला त्यावर पाय फिरवता यावा म्हणून. नकलेचा साचा खऱ्या सोलवरूनच पाडला असेल, तर झेरॉक्सची झेरॉक्स काढल्यावर अक्षरांचं होतं तसं त्या रेषांचं होतं: कडा बोथट होतात आणि खाचा उथळ. त्या जोडातली आतली वर्तुळं एकमेकांत मिसळल्यासारखी दिसत होती. मात्र हे तपासताना जोड नवा किंवा जेमतेम वापरलेला असायला हवा. चालून झिजलेल्या खऱ्या सोलच्या कडाही बोथटच दिसतात.

तिसऱ्याने पाठवलेल्या फोटोंतून काहीच ठरत नव्हतं. फोटो जवळून, मोबाइलच्या रुंद लेन्सने काढलेले होते, त्यामुळे बुटाचा पुढचा भाग फुगलेला दिसत होता. शिवाय व्हॉट्सॲपने ते दाबून पाठवल्याने टाके एकमेकांत विरघळले होते. अशा वेळी विक्रेत्याकडून नीट फोटो मागवून घ्यावेत: हातभर लांबून, दुप्पट झूमवर, खिडकीच्या उजेडात. दोन्ही टाचा एकत्र, दोन्ही तळ, दोन्ही लेबलं आणि खोक्यावरचं स्टिकर. व्हॉट्सॲपवर फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगावेत, म्हणजे ते दाबले जात नाहीत. एका फोटोत बुटाशेजारी कागदावर आपलं नाव आणि तारीख लिहून ठेवायला सांगावी, कारण चोरलेल्या फोटोंवर माल विकणं सर्रास चालतं. खऱ्या जोडाचे फोटो दाखवून नकली जोड पाठवला, तर वरची सगळी मोजमापं फुकट जातात. तिसऱ्याने कागद ठेवून फोटो काढायला नकार दिला. त्याचं नाव तिथेच कटलं.

उरला पहिला. त्याने नवे फोटो पाठवले आणि त्यांतली टाचेची अक्षरं, तळ, लेबलं सगळं जुळलं. तरीही मी तिला ‘खरा आहे’ असं सांगितलं नाही. चीनमधल्या पुतियेनच्या परिसरात मोठ्या ब्रँडचे बूट बनवण्याचं कसब अनेक वर्षं मुरलेलं आहे आणि नकली बुटांसाठीही तो भाग जगभर ओळखला जातो. तिथला वरच्या दर्जाचा माल फोटोत पकडणं अवघड जातं. बूट हातात घेऊन तपासणारेही चुकतात. ‘स्टॉकएक्स’ या अमेरिकी कंपनीचा धंदाच तपासून विकण्याचा, तरी तिच्याकडून नकली जोड मिळाल्याचा आरोप नाइकीने 2022 मध्ये न्यायालयात केला. 2025 मध्ये न्यायालयाने 37 नकली जोडांच्या विक्रीसाठी तिला जबाबदार धरलं. मुलीने पहिल्याला एकच अट घातली: समोर भेटायचं, कसोटीचा जोड शेजारी ठेवून पाहायचं आणि मगच पैसे द्यायचे. तो तयार झाला.