सुरमईवरचे पांढरे डाग

फ्रीझरमधून काढलेल्या सुरमईच्या तुकडीची कड पांढरट आणि हाताला खरखरीत लागली, की बरेच जण ती तुकडी फेकून देतात. कृपया फेकू नका! ती बुरशी नव्हे. उणे 18 अंशांवरही बर्फाची पाणी न होता थेट वाफ होत राहते. उघडी पडलेली कड त्यामुळे सुकते आणि तीच वाफ पिशवीत भुरभुरीत बर्फ होऊन बसते. रिकाम्या झालेल्या जागेत हवा शिरली की माशाचं तेल खवट होऊ लागतं. अपाय काही नाही, चव आणि मऊपणा मात्र जातो. तेवढी कड कापा आणि बाकीचं कालवणात घाला. तळलं तर चिवट लागेल.

खरी काळजी वेगळीच. सुटे ठेवलेले तुकडे एकमेकांना चिकटून ढेकूळ झाले असतील आणि तळाशी लालसर पाणी गोठलेलं असेल, तर मधे वीज जाऊन मासा वितळला होता. किती वेळ, ते कळत नसेल तर टाकून द्या. सुरमई-बांगड्यात उबेमुळे हिस्टामिन तयार होतं आणि ते शिजवूनही जात नाही.