पान कुठलं होतं?

मुंबईच्या प्लेगवर लेख लिहायला घेतला आणि जुन्या वहीत एक ओळ सापडली : ‘लोकांना रोगापेक्षा इस्पितळाची धास्ती. रोगी घरात लपवत. – गॅटेकर?’ ते प्रश्नचिन्ह माझंच होतं. ब्रिगेडियर जनरल गॅटेकर हे मुंबईच्या प्लेग समितीचे अध्यक्ष होते आणि त्यांचा अहवाल १८९७ साली छापला गेला. ओळ त्यांची असेल तर ती सरकारी अधिकाऱ्याची कबुली ठरते. नसेल, तर मी त्यांच्या तोंडी भलतंच काही घालतोय. शहानिशा करायला संगणक उघडला. ‘वाचन’ नावाच्या फोल्डरात अठराशेच्या आसपास फाइली होत्या : `scan0043.pdf`, `final_new.pdf`, आणि `in.ernet.dli.2015` अशी सुरुवात असलेल्या कितीतरी. त्यातलं २०१५ हे पुस्तकाचं साल नव्हे, हे कळायलाही मला बराच काळ लागला होता. रात्री एकपर्यंत फाइली उघडत-मिटत राहिलो. ओळ काही मिळाली नाही.

त्यानंतर मी झोटेरो वापरायला लागलो. संशोधकांना संदर्भ सांभाळण्यासाठी केलेलं हे मोफत सॉफ्टवेअर २००६ साली अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या एका इतिहासकेंद्रात तयार झालं. लेखाखालची संदर्भसूची आपोआप बनवणारं साधन म्हणून बहुतेकांना ते ठाऊक असतं. मला त्याचा खरा उपयोग झाला तो वाचलेलं पुन्हा सापडण्यासाठी.

आधी नोंद, मग फाइल

फोल्डरात फाइल हीच वस्तू असते. झोटेरोत मुख्य वस्तू म्हणजे नोंद, ग्रंथालयातल्या कार्डासारखी : लेखक, शीर्षक, साल, प्रकाशक. पीडीएफ त्या कार्डाला टाचलेली असते. पुस्तकाचा आयएसबीएन किंवा लेखाचा डीओआय क्रमांक दिला की कार्ड बहुधा आपोआप भरतं. सोय मोठी आहे, पण चुका इथेच शिरतात.

एक उदाहरण पाहू. इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांचा भारतातल्या प्लेगच्या घबराटीवर एक निबंध आहे. तो टेरेन्स रेंजर आणि पॉल स्लॅक यांनी संपादित केलेल्या, केंब्रिजने १९९२ मध्ये काढलेल्या साथींवरच्या पुस्तकात आहे. मी पुस्तकाचा आयएसबीएन दिला. कार्ड आलं ते अख्ख्या पुस्तकाचं, संपादकांच्या नावाने. चंदावरकरांचं नाव त्यावर कुठेच नव्हतं. ते कार्ड तसंच ठेवलं असतं तर पुढे ‘चंदावरकर’ शोधल्यावर काही मिळालं नसतं आणि निबंध माझ्याकडे नाहीच, असं मी समजलो असतो. उपाय सोपा आहे. पुस्तकाच्या नोंदीवर उजवी टिचकी मारून `Create Book Section` निवडायचं. पुस्तकाची माहिती घेऊन नवं कार्ड तयार होतं, त्यात निबंधाचं शीर्षक, लेखक आणि पानं भरायची.

मराठी पुस्तकांचं बरंचसं काम हातानेच करावं लागतं. जुन्या पुस्तकांना आयएसबीएन नसतो, आणि स्कॅनमध्ये नुसती चित्रं असल्याने झोटेरोला त्यातून काही वाचता येत नाही. नावांचं तर विचारूच नका. एकच लेखक एका कार्डावर मराठी आद्याक्षरांनी, दुसऱ्यावर पूर्ण नावाने आणि तिसऱ्यावर इंग्रजीत आला, की यादीत त्याची तीन माणसं होतात. मी मराठी पुस्तकावर मराठीतलं एकच रूप ठेवतो. आडनाव एका रकान्यात आणि उरलेलं नाव दुसऱ्यात जातं. कुसुमाग्रज किंवा ग्रेस यांच्यासारख्या टोपणनावांसाठी दोन रकान्यांचा एक करून घ्यायचा, नाहीतर यंत्र नसलेलं आडनाव शोधत बसतं. एका पुस्तकाला यात दोन-तीन मिनिटं जातात. पुस्तक आलं त्याच दिवशी ती द्यावीत. ‘नंतर करू’ म्हणून ठेवलेल्या फाइलींचेच माझ्याकडे अठराशे झाले होते.

एक पुस्तक, अनेक याद्या

गॅटेकरांचा अहवाल ‘सरकारी कागदपत्रं’मध्ये ठेवायचा की ‘घरझडत्या’मध्ये? फोल्डरात एक जागा निवडावी लागते, किंवा दोन प्रती करून दोन्हींवर निरनिराळ्या खुणा करत बसावं लागतं. झोटेरोतले कप्पे नावालाच कप्पे आहेत. प्रत्यक्षात त्या याद्या आहेत. लग्नघरात एकाच पाहुण्याचं नाव जेवणाच्या यादीत असतं आणि मानपानाच्याही, तसंच. नोंद एकच, ती हव्या तितक्या याद्यांत टाकता येते. एका यादीत बसून पीडीएफवर खूण केली की ती सगळीकडून दिसते.

धोकाही इथलाच आहे. यादीतून नाव काढणं वेगळं आणि नोंद कचऱ्यात टाकणं वेगळं. `Remove Item from Collection` म्हटलं तर पुस्तक मूळ संग्रहात राहतं. `Move Item to Trash` म्हटलं तर ते सगळ्या याद्यांतून जातं, सोबत टिपाही जातात. कचरापेटी रिकामी करेपर्यंत परत आणता येतं, पण एकसारखे शब्द पाहून मी दोनदा फसलो आहे.

याद्या फार करू नयेत. माझ्याकडे चालू लेखाच्या प्रत्येक प्रकरणाची एक यादी आहे, बस्स. उरलेल्या नोंदी शोधून मिळतात.

खूण, पान आणि प्रश्नचिन्ह

२०२२ पासून झोटेरोतच पीडीएफ उघडून खुणा करता येतात. माझे तीन रंग ठरलेले आहेत : पिवळा माहितीला, हिरवा लेखकाच्या शब्दांत उद्धृत करण्याजोग्या मजकुराला आणि लाल मला न पटलेल्या गोष्टीला. खुणेशेजारी माझं मत लिहितो. त्यामुळे लेखकाचं वाक्य रंगात राहतं आणि माझं बोलणं शेजारी. वहीत नेमकी हीच सरमिसळ झाली होती.

वाचून झालं की नोंदीवर उजवी टिचकी मारून `Add Note from Annotations` म्हणायचं. सगळ्या खुणा एका टिपणात उतरतात. प्रत्येकीपुढे लेखक, साल आणि पान असतं, आणि त्या संदर्भावरून पीडीएफच्या त्याच पानावर परत जाता येतं. मात्र हे टिपण त्या दिवसापुरतं असतं. नंतर केलेल्या खुणा त्यात आपसूक येत नाहीत.

पान क्रमांकाची एक गोम आहे. स्कॅनमध्ये मुखपृष्ठ, कोरी पानं, प्रस्तावना सगळं मोजलं जातं. समजा, समोर छापील पान ३१ आहे आणि पीडीएफच्या हिशेबाने ते ४७ वं आहे. स्कॅन असेल तर झोटेरो बहुधा ४७ लिहितो, आणि तुमच्या लेखातही ४७ जातं. म्हणून पहिली खूण केली की शेजारच्या पट्टीतला क्रमांक छापील आकड्याशी ताडून पाहावा. चुकला असेल तर तो दुरुस्त करता येतो, आणि तिथून पुढच्या सगळ्या पानांनाही तोच हिशेब लावता येतो.

आणखी एक : या खुणा पीडीएफच्या फाइलीत नसतात, झोटेरोच्या स्वतःच्या नोंदवहीत असतात. तीच फाइल उचलून मित्राला पाठवली तर त्याला कोरी पानं दिसतील. पाठवायची असेल तर खुणांसकट वेगळी प्रत काढावी लागते.

मराठी पीडीएफचा त्रास

युनिकोडपूर्व फाँटमध्ये जुळवलेलं मराठी पुस्तक पडद्यावर स्वच्छ दिसतं. त्यातल्या ओळीवर खूण केली की शेजारी मात्र इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी उमटते, कारण फाइलीच्या पोटात मराठी नसतंच. अशा पुस्तकात ‘प्लेग’ शोधला तर ‘नाही’ असंच उत्तर येणार. तिथे मी चौकट आखून मजकुराचं चित्र घेतो आणि टिपेत दोन-चार शब्द स्वतः मराठीत लिहितो. पुढे ते शब्द सापडतात.

पुस्तक वारंवार लागणार असेल तर चित्रातली अक्षरं ओळखणारा मोफत प्रोग्रॅम चालवतो :

```
ocrmypdf -l mar+eng --force-ocr juna.pdf nava.pdf
```

त्यासाठी टेसेरॅक्टची मराठी भाषा आधी बसवलेली हवी. हे काम खुणा करायच्या आधी उरकावं. जुन्या छपाईतली जोडाक्षरं मात्र बऱ्याचदा चुकीची वाचली जातात. डोळ्यांना दिसतोय असा एखादा शब्द शोधून पाहायचा. तो मिळाला नाही, तर त्या पुस्तकात शोधून न सापडणं म्हणजे तिथे नसणं, असं धरू नये.

स्वच्छ पीडीएफमध्येही एक अडसर असतो. शोधासाठी झोटेरो मूळ मांडणीत पुस्तकाची पहिली शंभर पानंच वाचून ठेवतो. चारशे पानांच्या ग्रंथात २५० व्या पानावरचा शब्द मग कसा मिळणार? फाइलीच्या माहितीत `Indexed: Partial` दिसलं की ओळखायचं, आणि सेटिंगमध्ये ती मर्यादा वाढवायची.

सांभाळायचं कुठे

नोंदी आणि खुणा झोटेरोच्या सर्व्हरवर कितीही राहतात. फाइलींना मात्र फुकटची जागा ३०० एमबी मिळते. चाळीस एमबीचं एक स्कॅन धरलं तर सात पुस्तकांत ती भरते. मी फाइलींचं सिंक बंद ठेवलं आहे आणि नोंदींचं चालू. दर रविवारी झोटेरो बंद करून त्याचा अख्खा फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवतो. सिंकलाच बॅकअप समजू नये. इथे पुसलेलं तिथेही पुसलं जातं. तो फोल्डर ड्रॉपबॉक्ससारख्या ठिकाणी ठेवणं त्याहून वाईट, कारण झोटेरो चालू असताना दुसरं कुणी त्याची नोंदवही हलवली की ती बिघडू शकते.

अठराशे फाइली मी एकदम आत ओतल्या नाहीत. लेखाला लागेल ती फाइल आणायची, तिचं कार्ड नीट करायचं आणि मगच वाचायची. वर्षभरात दोनशे-सव्वादोनशे झाल्या असतील. उरलेल्या अजून जुन्या फोल्डरातच आहेत.

प्लेगच्या लेखासाठी गॅटेकरांचा अहवाल आणि चंदावरकरांचा निबंध दोन्ही नव्याने वाचले, या वेळी खुणांसकट. वहीतल्या ओळीचा आशय निबंधात निघाला. म्हणजे १८९७ सालच्या अधिकाऱ्याची म्हणून जी कबुली मी छापायला निघालो होतो, ती १९९२ सालच्या इतिहासकाराची मांडणी होती. ती खूण आता पिवळी आहे आणि तिच्यापुढे पान लिहिलेलं आहे, छापील.