पत्र एप्रिलचं, बोलणं ऑक्टोबरचं

दोन वर्षांपूर्वी एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात माझा भाचा पगारवाढीचं पत्र घेऊन माझ्याकडे आला. चाकणच्या एका कारखान्यात तो डिस्पॅच सांभाळतो. गाड्यांना लागणारे प्लॅस्टिकचे भाग तिथे बनतात आणि ग्राहक कंपनीकडे वेळापत्रकाप्रमाणे रवाना होतात. पत्रात आठ टक्के वाढ होती. "मावशी, मी रोज रात्री नऊपर्यंत थांबतो. सगळ्यांना आठ, मग मलाही आठच?" दुसऱ्या दिवशी तो साहेबांना भेटला आणि हेच बोलला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पत्रं निघाली आहेत. आता पुढच्या वर्षी बघू."

त्याला वाटलं, साहेबांनी टोलवलं. कारखान्यांच्या एचआर विभागात मी बावीस वर्षं काढली आहेत, आणि त्या अनुभवावरून मला ठाऊक होतं की साहेब खरं तेच सांगत होते. एप्रिलच्या शेवटी त्यांच्या हातात द्यायला काहीच उरलेलं नव्हतं.

विभागप्रमुखाच्या हातात नेमकं काय असतं, हे नोकरी करणाऱ्या बहुतेकांनी कधी पाहिलेलं नसतं. त्याला मिळतो एक आकडा. समजा विभागात दहा माणसं आहेत, सगळ्यांचा मिळून वर्षाचा पगार साठ लाख आहे आणि कंपनीने आठ टक्के वाढ ठरवली आहे. म्हणजे विभागाला वाटायला मिळाले चार लाख ऐंशी हजार. माझ्या भाच्याचा वार्षिक पगार पाच लाख चाळीस हजार. त्याला आठ टक्क्यांनी ४३,२०० मिळतात, पंधरा टक्के द्यायचे म्हटले तर ८१,०००. वरचे ३७,८०० बाकीच्या नऊ जणांच्या वाट्यातून काढावे लागतात. साहेबांना एकाला जास्त देताना कुणाला तरी कमी द्यावं लागतं, आणि मग वर जाऊन त्याचं कारणही सांगावं लागतं.

हे कारण सांगायची जागा म्हणजे नॉर्मलायझेशनची बैठक. सगळे विभागप्रमुख, प्लँट हेड आणि एचआर एका टेबलाशी बसतात आणि प्रत्येकाने दिलेली रेटिंग शेजारी शेजारी ठेवली जातात. एका विभागाने सगळ्यांनाच "उत्कृष्ट" दिलं असेल, तर ती खाली ओढली जातात. अशा बैठकांना मी कितीदा बसले आहे. एका माणसाच्या वाट्याला तिथे दोन-तीन मिनिटं येतात. "मुलगा चांगला आहे, खूप कष्टाळू आहे" एवढंच सांगणारा साहेब त्या दोन मिनिटांत हरतो, कारण शेजारचा साहेबही आपल्या मुलाबद्दल नेमकं तेच सांगत असतो. ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय तो त्या खोलीत नसतो. म्हणून पुरावा तयार करायचा तो साहेबांना पटवण्यापुरता नको. साहेबांना तो दोन वाक्यांत दुसऱ्यांना पटवता आला पाहिजे.

आता वेळेचं. एप्रिल ते मार्च असं वर्ष धरणाऱ्या कंपनीत पुढच्या वर्षाच्या खर्चाचा अंदाज साधारण नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये मांडायला घेतात. जानेवारी-फेब्रुवारीत तो मंजूर होतो, फेब्रुवारी-मार्चमध्ये स्वमूल्यमापनाचे फॉर्म भरून घेतात, मग बैठक होते आणि एप्रिल-मेमध्ये पत्रं निघतात. बहुतेक जण फॉर्म आला की जागे होतात. तोवर पिशवीत किती पैसे आहेत हे ठरून गेलेलं असतं. बढतीसाठी किंवा एखाद्याचा पगार बाजारभावाला आणण्यासाठी अनेक कंपन्या वेगळी तरतूद करतात. त्या यादीत नाव घालायचं असेल तर साहेबांना ते डिसेंबरच्या आत माहीत असावं लागतं. म्हणून बोलायचा महिना ऑक्टोबर किंवा नोव्हेंबर. ज्यांचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर असतं, अशा परदेशी कंपन्यांत हेच बोलणं जुलै-ऑगस्टमध्ये व्हायला हवं. आपल्या कंपनीचं बजेट कधी बंद होतं, हे एचआरला सरळ विचारावं. त्यात काही गुपित नसतं.

भाच्याला मी म्हटलं, "एप्रिल गेला. ऑक्टोबरला सहा महिने आहेत. तू केलंस काय, ते मला सांग." तो पुन्हा रात्री नऊवर आला. मी पुन्हा विचारलं, "तुझ्या थांबण्याने काय बदललं?" मग हळूहळू कळलं.

माल वेळेवर तयार नसला की ठरलेली गाडी अर्धी जाते आणि राहिलेल्या भागांसाठी कारखान्याला स्वतःच्या खर्चाने स्पेशल गाडी पाठवावी लागते. ग्राहकाची लाइन थांबली तर वर दंडही लागतो. भाच्याने फेब्रुवारीपासून एक सोपी गोष्ट सुरू केली होती. रोज दुपारी दोनला तो दुसऱ्या दिवशीचं ग्राहकाचं वेळापत्रक आणि गोडाउनमधला तयार माल जुळवून बघायचा आणि जे कमी पडणार त्याची यादी दुसरी पाळी सुरू व्हायच्या आधी प्रॉडक्शनला द्यायचा. त्याप्रमाणे प्लॅनर मशीनवरचे साचे बदलून घ्यायचा. स्पेशल गाड्या कमी झाल्या होत्या, हे सगळ्यांना जाणवत होतं. किती कमी, ते कुणीच मोजलं नव्हतं.

इथेच बहुतेकांचं घोडं अडतं. बदलाआधीची स्थिती लिहून ठेवलेली नसते, त्यामुळे नंतरच्या आकड्याला टेकू राहत नाही. सुदैवाने प्रत्येक स्पेशल गाडीची स्लिप साहेबांच्या सहीने निघत होती आणि गेटवर नोंद होत होती. आम्ही ऑक्टोबरपर्यंत थांबलो आणि एप्रिल ते सप्टेंबर हेच सहा महिने दोन्ही वर्षांचे घेतले, कारण गाड्यांच्या धंद्यात सणांच्या आधीचे महिने आणि उन्हाळ्याचे महिने यांची तुलना होत नाही.

आधीच्या वर्षी सहा महिन्यांत ८४ स्पेशल गाड्या गेल्या होत्या, या वर्षी ३३. गाडीमागे सरासरी साडेसहा हजार. भाच्याने लगेच हिशेब केला: ५१ गाड्या वाचल्या, म्हणजे ३,३१,५०० रुपये. मी विचारलं, "नेहमीच्या फेऱ्या किती होत्या?" आधी २,१००, आता १,६५०. मागणीच उतरली होती. म्हणजे आधी शंभर फेऱ्यांमागे चार स्पेशल गाड्या लागत होत्या, आता दोन. जुन्याच प्रमाणाने या वर्षी ६६ लागल्या असत्या, लागल्या ३३. त्याच्या पद्धतीमुळे वाचल्या म्हणता येतील अशा गाड्या तेवढ्याच, आणि रक्कम २,१४,५००. बाकीचे एक लाख सतरा हजार मंदीमुळे वाचले होते.

तो खट्टू झाला. मी मात्र दुसऱ्याच आकड्यावर ठाम होते. बैठकीत प्लँट हेड पहिला प्रश्न हाच विचारणार, की ऑर्डरच कमी होत्या ना? पहिला आकडा त्या प्रश्नाला कोसळतो, आणि त्याच्याबरोबर साहेबांचा शब्दही. दुसऱ्यात उत्तर आधीच आहे. प्लॅनरने साचे बदलले नसते तर यादीचा उपयोग नव्हता, हेही कागदावर त्याच्या हुद्द्यासकट लिहायला लावलं. सगळं श्रेय एकट्याने घेतलेला कागद प्लॅनरचा साहेब त्याच बैठकीत फाडतो.

शेवटी एक पान तयार झालं. वर आधी आणि आता यांचे आकडे, खाली काय बदललं ते चार ओळींत, आकडे कोणत्या नोंदींतून घेतले ते, आणि शेवटी मागणी. हे पान कंपनीच्याच कॉम्प्युटरवर ठेवायचं, अशी मी ताकीद दिली होती. कंपनीच्या फाइली स्वतःच्या खासगी मेलवर पाठवणं अनेक ठिकाणी शिस्तभंग ठरतं, आणि त्यात चांगल्या माणसांच्या नोकऱ्या गेलेल्या मी पाहिल्या आहेत.

मागणीवर आम्ही जास्त वेळ घालवला. वाचवलेल्या पैशांतला हिस्सा मागणं कच्चं असतं. साहेब म्हणू शकतात, ते तर तुझं कामच होतं. खरा मुद्दा वेगळा होता. मालाची टंचाई आधी ओळखून प्रॉडक्शनशी ताळमेळ घालणं हे त्या कारखान्यात वरच्या ग्रेडचं काम होतं, आणि तो ते आठ महिने करत होता. वाचलेल्या गाड्या त्याचा पुरावा होत्या. म्हणून त्याने ग्रेड मागितली आणि तिच्याबरोबर पंधरा टक्के. घराचा हप्ता, शेजारच्या टेबलावरच्याचा पगार, रात्रीचे नऊ यांतलं काहीही त्या पानावर आलं नाही.

महिनाअखेरीला डिस्पॅचमध्ये श्वास घ्यायला फुरसत नसते, म्हणून त्याने महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यातला बुधवार धरला. चार दिवस आधी सांगितलं, "सर, माझ्या कामाबद्दल आणि ग्रेडबद्दल बोलायचंय, अर्धा तास द्याल का?" विषय आधी कळला की साहेबही तयारीने बसतात. त्याने पान पुढे ठेवलं, पाच मिनिटं बोलला, मागणी सांगितली आणि गप्प बसला. साहेब म्हणाले, "बजेट अवघड आहे यंदा." त्याने मान डोलावली आणि विचारलं, "ग्रेडचं प्रपोजल कधीपर्यंत पाठवावं लागतं, आणि त्यासाठी तुम्हाला अजून काय लागेल?" उत्तर आलं: डिसेंबरचा पहिला आठवडा, आणि गाड्यांचे आकडे तोपर्यंत असेच टिकलेले हवेत. संध्याकाळी त्याने हेच तीन ओळींच्या मेलमध्ये साहेबांना लिहून पाठवलं. साहेब मध्येच बदलले तर अशा मेलशिवाय काही शिल्लक राहत नाही.

हा मार्ग सगळीकडे चालत नाही. युनियनच्या वेतन करारात असलेल्या कामगाराचा पगार करारानेच ठरतो आणि सरकारी नोकरीत वेतनश्रेणीने. छोट्या दुकानात किंवा वर्कशॉपमध्ये मालकच बजेट असतो. तिथे हंगामाची वसुली झाली की बोलावं.

डिसेंबरच्या तीन तारखेला भाच्याने ऑक्टोबर-नोव्हेंबरचे आकडे त्याच पानावर चढवून दिले. प्रमाण शंभराला दोनच होतं. फेब्रुवारीत साहेबांनी त्याला बोलावून एकच विचारलं, "मधल्या काळात ट्रान्सपोर्टरचा दर बदलला होता का?" नव्हता, आणि बिलं जोडलेली होती. हा प्रश्न वरून आला होता, हे त्याला तिथेच कळलं. एप्रिलच्या पत्रात नवी ग्रेड होती आणि बारा टक्के. तीन कमी का, हे त्याने साहेबांना विचारलं. ते म्हणाले, ग्रेडच्या पट्टीत पहिल्या वर्षी एवढंच बसतं. पट्टी कुठून कुठे जाते, तेही त्याने त्यांच्याकडून लिहून घेतलं आहे.